काळ्या मेंदीचा कोन सोडून साधी मेंदी: गेल्या चवथीपासूनचा अनुभव

गेल्या चवथीनंतर आमच्या घरात काळ्या मेंदीचा कोन येणं बंद झालं. त्यानंतरची दिवाळी, संक्रांतीची हळदीकुंकवं, मधे घरचं एक लग्न, सगळं साध्या मेंदीवरच झालं. बऱ्याच जणी विचारतात रंग येतो का, टिकतो का, मग एवढा वेळ कोण बसणार, म्हणून एकदाच नीट लिहिते. पण काळी का सोडली ते आधी, कारण ते कळल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

माझी धाकटी नणंद डिचोलीला असते. तिने नागपंचमीला बाजारातून एक कोन आणला, वर लिहिलेलं की अर्ध्या तासात काळाभोर रंग. लावला, धुतला, रंग खरंच कोळशासारखा आला, त्रास काहीच नाही. मग हरतालिकेच्या संध्याकाळी तोच कोन परत, या वेळी दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत. चवथीच्या रात्री खाज सुरू झाली. सगळ्यांना वाटलं माटोळीच्या पानाफळांची नाहीतर पत्रीची काहीतरी अॅलर्जी असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नक्षी कातडीवर उठून आलेली, लाल, हात फिरवला तर प्रत्येक वेल बोटाला लागत होती. आणि त्या रात्रीपर्यंत त्याच रेषांवर पाण्याचे फोड. रेष जिथे संपली तिथे फोड संपले, दोन पानांच्या मधली कातडी एकदम साफ. तळव्याला त्यामानाने कमी झालं कारण तिथली कातडी जाड, पण हाताची मागची बाजू आणि मनगट बघवत नव्हतं. ती सारखं म्हणत होती, "वहिनी, गेल्या वेळी याच कोनाने काही झालं नव्हतं गो, मग आता कसं?"

स्किनच्या डॉक्टरांनी नेमकं हेच पहिल्यांदा विचारलं, की आधी कधी लावली होती. कारण या अॅलर्जीचं सगळं गणित त्या आधीच्या वेळेतच आहे.

मेंदीच्या पाल्यात काळा रंग नसतोच. पाल्यात लॉसोन नावाचा रंग असतो, तो कातडीला केशरी आणि नंतर तपकिरी-लालसर करतो, काळा कधीच नाही. कोन काळा करायला त्यात केसांच्या डायमधलं केमिकल टाकतात, पॅरा-फेनिलिनडायअमिन, थोडक्यात पीपीडी. याचा कण इतका बारीक असतो की तो सहज कातडीच्या आत जातो. आत गेल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं रूप बदलतं आणि ते नवं रूप आपल्या कातडीच्याच प्रथिनांना जाऊन चिकटतं. आता शरीराला ती प्रथिनं आपली वाटेनाशी होतात, कातडीतल्या पहारा देणाऱ्या पेशी तो नमुना उचलून जवळच्या लिम्फच्या गाठीत नेतात आणि तिथे ते केमिकल ओळखणाऱ्या टी-पेशी तयार होतात. या सगळ्याला साधारण १ ते २ आठवडे लागतात, म्हणून पहिल्या वेळी बहुतेकांना काहीच दिसत नाही. पण त्या पेशी नंतर शरीरात राहतात. पुढच्या वेळी पीपीडी लागलं की त्या १ ते ३ दिवसांत तिथे गोळा होतात, सूज आणतात, कातडीच्या थरांमधे पाणी साचतं आणि फोड येतो. नागपंचमीला शरीराने ओळख करून घेतली, हरतालिकेला हल्ला केला. कोन तोच होता, बदललं होतं ते तिचं शरीर.

काही जणांना पहिल्याच खेपेला होतं, तेही साधारण ७ ते १४ दिवसांनी, कातडीत उरलेल्या रंगावरच. म्हणून मला किनाऱ्यावर काळ्या मेंदीचे टॅटू काढणाऱ्यांचं "आमच्याकडे कधी कोणाला त्रास झाला नाही" हे ऐकलं की काळजी वाटते. पर्यटक काळा टॅटू काढून घेतो, आठवड्याने आपल्या गावी परततो आणि फोड तिकडे येतात. लावणाऱ्याला ते कधी दिसणारच नाहीत.

आणि हो, "मनगटावर थेंब लावून अर्धा तास बघा, काही झालं नाही तर लावा" हा सल्ला काळ्या कोनाला उपयोगाचा नाही. अर्ध्या तासात ही अॅलर्जी दिसतच नाही, उलट तो थेंबच शरीराला पीपीडीची ओळख करून देऊ शकतो. डॉक्टर जी पॅच टेस्ट करतात ती वेगळी, त्यात पीपीडी ठरलेल्या कमी प्रमाणात पाठीवर पट्टी लावून २ दिवस ठेवतात आणि नंतरही परत तपासतात.

युरोपात केसांच्या डायमधे डोक्यावर लावताना पीपीडी २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि कातडीवर नक्षी काढायला तर परवानगीच नाही. काळ्या मेंदीच्या तपासण्यांत ते १० टक्क्यांच्या वरही सापडलंय. केसांचा डाय आपण थोडा वेळ ठेवून धुतो, मेंदी मात्र कातडीवर सुकवतो आणि वर प्लास्टिकही गुंडाळतो.

नणंदेचे फोड डॉक्टरांच्या स्टिरॉइड क्रीमने बसले, पण तिथली कातडी पांढुरकी झाली आणि ती नक्षी कितीतरी महिने फिकट दिसत होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही अॅलर्जी बहुधा जन्मभर राहते. आता तिला केसांचा काळा डाय चालणार नाही, आणि केसांसाठी काळी मेंदी म्हणून जी पाकिटं मिळतात त्यातल्या बऱ्याचशात पीपीडीच असतं, मागची बारीक अक्षरं वाचली की दिसतं. काही गडद रंगाचे कपडे, भूल देणारी काही मलमं यांनीही अशा लोकांना त्रास होऊ शकतो, त्यामुळे दाताच्या डॉक्टरांनाही ती आता आधी सांगते.

आता आम्ही काय वापरतो ते. पहिले काही महिने म्हापशाच्या एका मेंदीवाल्या ताईंकडून ताजे कोन घेतले, त्या ऑर्डर घेऊन भिजवतात आणि फ्रीझरमधून काढून देतात. नंतर घरीच करायला लागलो. १०० ग्रॅम बारीक चाळलेली हातावरच्या मेंदीची पावडर (केसांची नाही, ती भरड असते आणि कोनात अडकते), ३० ग्रॅम साखर, ३० मिली लव्हेंडर किंवा टी ट्री तेल, आणि लिंबाचा रस किंवा पाणी साधारण ३०० मिली, पण हे थोडं थोडं घालत जायचं. झाकून रात्रभर. आपल्याकडच्या उकाड्यात सकाळपर्यंत वरचा थर तपकिरी झालेला असतो आणि आतून हिरवा, म्हणजे रंग सुटला. ते लहान बाटलीतलं बिनलेबलचं "मेंदी ऑइल" घेऊ नका, त्यात काय असतं कोणालाच माहीत नसतं, नाकाला रॉकेलसारखा वास येतो.

तयार कोन घेताना मी आता सगळ्यात आधी विचारते की कुठे ठेवलाय. खऱ्या भिजवलेल्या मेंदीचा रंग बाहेर २-३ दिवसांत मरतो, तिला फ्रीझर लागतो. त्यामुळे जो कोन दुकानात महिनोन्‌महिने टांगलेला असतो आणि तरी गडद रंग देतो, त्यात रंग दुसऱ्याच कशाचा तरी आहे. मग घटक, सगळे लिहिलेले हवेत, नुसतं "हर्बल" किंवा "१०० टक्के नॅचरल" लिहून भागत नाही. लगदा हिरवट-तपकिरी असावा, वास पाल्याचा, लिंबाचा, तेलाचा. आणि वेळ: खरी मेंदी ४ ते ६ तास ठेवावी लागते, काढल्यावर केशरी दिसते आणि पुढच्या दीड-दोन दिवसांत गडद होते. अर्ध्या तासात काळी किंवा एकदम गडद मरून झाली तर तो कोन फेकून द्या. घरच्या कुठल्याही टेस्टने पीपीडी नाहीच असं सिद्ध होत नाही, ते लॅबमधेच कळतं, म्हणून कोणी बनवलाय आणि कधी हे माहीत असणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

तक्रारी आहेतच. सणाच्या आदल्या रात्री लावली तर सणाला हात केशरीच दिसतात, आम्ही आता दोन दिवस आधी बसतो, हरतालिकेसाठी म्हणजे चवथीच्या साफसफाईच्या ऐन धांदलीत, तो वेळ काढणं सोपं नाही. पावसात लाइट गेली की फ्रीझरमधले कोन सैल पडतात, एकदा पूर्ण वितळले की परत गोठवून रंग कमीच येतो. तळव्याला सुंदर मरून चढतो पण हाताच्या मागे फिकाच राहतो, त्याला इलाज नाही. ८-१० दिवसांत पुसट व्हायला लागते. काढल्यावर त्या दिवशी पाणी लावायचं नाही, तव्यावरच्या लवंगांची धग द्यायची, त्याने फरक पडतो.

साधी मेंदीही सगळ्यांना चालते असं नाही. तेलांनी एखादीची कातडी लाल होऊ शकते, गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील तर आम्ही तेल न घालता नुसत्या लिंबाच्या रसात भिजवतो. आणि ज्यांच्यात जी-६-पीडी एन्झाइमची कमतरता आहे त्यांना, खास करून तान्ह्या बाळांना, खऱ्या मेंदीनेसुद्धा रक्तातल्या लाल पेशी फुटायचा धोका असतो, त्यामुळे बारशाला बाळाच्या तळपायाला मेंदी लावायची पद्धत आम्ही सोडून दिली.

कोणी काळी आधीच लावून बसलं असेल तर लगेच साबणाने धुवा, फोड आले तर फोडू नका, कोनाचं पाकीट टाकू नका, ते आणि नक्षीचा फोटो दोन्ही डॉक्टरांना दाखवा. चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला तर वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी. आणि आत्ता काही दिसलं नाही तरी पुढचे दोन आठवडे त्या जागेवर लक्ष ठेवा, आणि पुढे कधीही केसांना डाय लावण्याआधी स्किनच्या डॉक्टरांना या काळ्या मेंदीचं सांगा.