लांब लिहून छाटावं की नेमकंच मांडावं?

ऑनलाइन विक्रीच्या लिस्टिंगचं शीर्षक लिहायचंय, मर्यादा 60 कॅरेक्टरची. वस्तू: स्टीलची बाटली. पहिला मार्ग म्हणजे मनात येईल ते लिहायचं आणि मग कात्री लावायची. माझा पहिला मसुदा असा होता: ‘आमची ही अत्यंत उत्कृष्ट दर्जाची आणि टिकाऊ अशी स्टीलची पाण्याची बाटली, क्षमता 750 मिली’. साठावर तोडला तर शेवट ‘स्टीलची पाण्या’ असा होतो! बाटली गेली, मापही गेलं. विशेषणं आधी आली की नेमकं हेच होतं.

दुसरा मार्ग: आधी वस्तू, मग माप, मग गिऱ्हाईक हमखास विचारतं ते. ‘स्टील बाटली, 750 मिली, गळत नाही, रुंद तोंड, धुवायला सोपी’. हे 56 होतात आणि शेवटचा तुकडा उडाला तरी कुणाचं अडत नाही. वाचायला रुक्ष आहे, कबूल.

मोजताना मात्र डोळ्यांवर विसंबू नका. ‘स्टीलची’ दिसायला तीन अक्षरं, पण हलन्त आणि वेलांट्या वेगळ्या धरल्या जातात, म्हणून बहुतेक मोजणीत सात. मर्यादा बाइटमध्ये असेल तर यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे 21. लिस्टिंग मराठीत असेल तर हे आधी तपासा.

छाटण्याचा मार्ग मी फक्त लांब वर्णनासाठी ठेवतो. तिथे हजारभर कॅरेक्टर मिळत असतील, तर आधी मोकळं लिहिल्याने विसरलेली माहिती सापडते. शीर्षकाला तो परवडत नाही.