शंकूच्या टाकीची पातळी: साधा पीआय, पूर्ण खोडणी की अर्धी?

भोसरी एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या युनिटमध्ये शंकूच्या आकाराची डोसिंग टाकी बसवायची आहे. पॅनेलवाल्याचं म्हणणं, पीएलसीतला पीआय, म्हणजे पातळीतल्या फरकाच्या आणि त्या फरकाच्या साठत गेलेल्या बेरजेच्या (इंटिग्रलच्या) प्रमाणात पंप चालवणारा नियम, लावा आणि मोकळे व्हा. तिथल्या नव्या इंजिनिअरने कॉलेजात फीडबॅक लिनिअरायझेशन, म्हणजे टाकीचा वाकडेपणा गणिताने पूर्ण खोडून टाकणं, शिकलेलं असल्यामुळे त्याला ते हवं आहे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण माझं मत दोघांच्या मधलं आहे, आणि ते आकड्यांशिवाय पटणार नाही.

टाकीची उंची 60 सेंमी, वरची त्रिज्या 20 सेंमी. म्हणजे पाण्याची पातळी h असताना पृष्ठभागाचं क्षेत्रफळ A = πh²/9. खालच्या तोटीतून बाहेर जाणारा प्रवाह c√h, आणि c साधारण 20 धरू. 25 सेंमीवर सेकंदाला 100 मिली. पंप जास्तीत जास्त 200 मिली देतो. पंपाचा प्रवाह q धरला तर हिशोब एका ओळीत बसतो: A·dh/dt = q − c√h.

आता 16 सेंमी आणि 49 सेंमी या दोन पातळ्या शेजारी ठेवून पाहा. 16 वर क्षेत्रफळ 89 चौ. सेंमी, 49 वर 838. पंप तेवढाच उघडला तरी वरची पातळी नऊपट मंद हलते. टाकीचा स्वतःचा वेळस्थिरांक तर 36 सेकंदांवरून 587 सेकंदांवर जातो.

साधा पीआय इथेच अडतो. 49 वर चपळ वाटेल असा गेन लावला, की 16 वर तोच गेन नऊपट तिखट होतो. पंपाची दोन-तीन सेकंदांची सुस्ती त्यात मिळाली, की पातळी हेलकावे खाते. उलट 16 वर ट्यून केला तर वर तो इतका रेंगाळतो की ऑपरेटर वैतागून हाताने पंप चालवू लागतो. टाकी दिवसभर एकाच पातळीवर राहणार असेल तर मात्र पॅनेलवाल्याचं ऐका, बाकी काही करू नका. पातळीचे तीन पट्टे पाडून प्रत्येकाला वेगळा गेन देणं हाही मार्ग आहे आणि तो चालतो. फक्त पट्टा बदलताना पंपाला धक्का बसणार नाही एवढं बघावं लागतं.

इंजिनिअरचा मार्ग असा. पंपाला थेट हुकूम न देता आधी एक नवा इनपुट v मानायचा, म्हणजे ‘पातळी किती वेगाने बदलायला हवी’, आणि पंपाचा प्रवाह त्यावरून काढायचा:

```
q = c*sqrt(h) + A(h)*v
v = k*(r - h)
```

r म्हणजे हवी असलेली पातळी, सेटपॉइंट. हे समीकरणात घातलं की √h आणि A दोन्ही खोडले जातात आणि dh/dt = v एवढंच उरतं. k = 0.05 घेतला तर 16 वरही आणि 49 वरही वेळस्थिरांक 20 सेकंद. कागदावर याहून देखणं काही नाही.

पण खोडायला c अचूक माहीत हवा. बोअरच्या जड पाण्याने तोटीत क्षार साचला आणि खरा c 18 झाला, तर दर सेकंदाला 2√h एवढं पाणी टाकीत जास्तीचं पडत राहतं. 49 ला सेट केलेली पातळी 49.3 वर थांबते, ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. 16 ची 17.5 च्या आसपास जाते. 4 सेंमी सेट करून बघा: पातळी साडेआठवर जाऊन बसते! तीच दहा टक्क्यांची चूक, पण खाली जाताना तिचं रूप पार बदलतं.

कारण शोधण्यासारखं आहे. पातळी वाढली की तोटीतून जास्त पाणी जातं, म्हणजे टाकी आपणहून स्वतःला सावरते. c√h मोजलेल्या पातळीवरून भरून काढताना आपण ती सावरण्याची शक्तीच खोडतो. 4 सेंमीवर पातळी एक सेंमीने वाढली की भरपाई सेकंदाला 5 मिली वाढवते, आणि k ची दुरुस्ती कमी करते जेमतेम 0.28 मिली. बाकी सगळी मदार बेरीज-वजाबाकी तंतोतंत जुळण्यावर. इंटिग्रल जोडला तर शेवटी चूक निघते, पण तो ती हळूहळू ओढतो. गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी रिकामी टाकी भरताना नेमकं याच भागातून जायचं असतं.

म्हणून मी अर्धीच खोडणी करतो. A खोडायचा, कारण तो भूमितीतून येतो, फूटपट्टीने मोजता येतो आणि क्षाराने बदलत नाही. √h मात्र मोजलेल्या पातळीचा न घेता सेटपॉइंटचा घ्यायचा:

```
q = c*sqrt(r) + A(h)*v
```

आता टाकीची स्वतःची सावरण्याची शक्ती शाबूत राहते. वेळस्थिरांक सगळीकडे सारखा राहत नाही. 16 वर सुमारे 13 सेकंद, 49 वर 19. एवढा फरक कुणाला जाचत नाही. तोच 18 चा c घेऊन 4 सेंमी सेट केलं तर पातळी 4.85 वर थांबते.

पूर्ण असो वा अर्धी, दोन्हींना पंपाची मर्यादा एकसारखीच नडते. 49 वर स्थिर राहायलाच 140 मिली लागतात, उरतात 60. म्हणजे पातळी वाढण्याचा वेग 0.07 सेंमीच्या वर जाऊच शकत नाही, आणि k = 0.05 असताना दीड सेंमीहून मोठी चूक झाली की पंप टोकाला जातो. त्यानंतर रेषीय डिझाइनचं कागदावरचं वचन उरत नाही. खाली यायला 140 मिलीचं बाहेर जाणं आहे, म्हणून उतरणं दुपटीहून जास्त वेगाचं. पंप टोकाला असतानाही इंटिग्रल साठत जातो, आणि तो अडवायचा तर पंपाच्या 0 ते 200 या आकड्यांवर अडवून भागत नाही. त्या मर्यादा v मध्ये बदलून घ्याव्या लागतात, पूर्ण खोडणीत (200 − c√h)/A अशा, अर्धीत √h च्या जागी √r घेऊन, आणि त्या पातळीगणिक सरकतात. कॉलेजात हे बहुतेक वेळा राहून जातं.

चूक c मधली की सेन्सरच्या शून्यातली, हे ओळखायलाही पूर्ण खोडणी उपयोगी पडते, तेवढं तिचं श्रेय. इंटिग्रल जोडून दोन-तीन पातळ्यांवर टाकी स्थिर होऊ द्या आणि प्रत्येक ठिकाणी इंटिग्रलच्या v ला A ने गुणून √h ने भागा. सगळीकडे सारखाच आकडा आला तर c तेवढ्याने चुकलाय, तो सुधारा. आकडा पातळीप्रमाणे बदलत गेला तर c ला हात लावू नका. सेन्सरचं शून्य तोटीच्या पातळीला आहे की शंकूच्या टोकाला, ते आधी तपासा. खालच्या भागात एका सेंमीची चूकसुद्धा महागात पडते: खरी पातळी 6 आणि दाखवलेली 5 असेल, तर A 12.6 ऐवजी 8.7 चौ. सेंमी मोजला जातो.

दिवसभरात पातळी 30 ते 50 च्या आतच फिरणार असेल, तर अर्धी खोडणी आणि गेनचे तीन पट्टे यांत फारसा फरक दिसणार नाही. पॅनेलवाल्याला जे जमतं ते करू द्या. 10 ते 50 अशी हालचाल असेल तर अर्धी खोडणीच घ्या. 8 सेंमीखाली मात्र कुठलाच नियम चालवू नका, पंप ठरावीक प्रवाहावर ठेवून टाकी आधी भरू द्या. पूर्ण खोडणी तोटीत स्वच्छ पाणी असलेल्या लॅबच्या रिगवर करा, किंवा बाहेरच्या वाटेवर फ्लोमीटर असेल तर, कारण मग c√h चा अंदाज बांधावाच लागत नाही, प्रवाह सरळ मोजता येतो.