मणी काचेपासून किती वर धरायचा आहे? लेझर ट्रॅपसाठी तेलाचं भिंग की पाण्याचं

प्रयोगशाळेत प्रकाशीय चिमटा, म्हणजे लेझरच्या फोकसमध्ये सूक्ष्म मणी धरून ठेवणारा लेझर ट्रॅप, उभारायला घेतला की लेझरनंतरची सगळ्यात मोठी खरेदी असते ती ऑब्जेक्टिव्ह भिंगाची. समोर सहसा दोन पर्याय येतात. एक, १००× चं ऑइल इमर्शन, ज्यात भिंग आणि काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब असतो आणि ज्याचं न्यूमरिकल अपर्चर (पुढे नुसतं एनए म्हणतो), म्हणजे भिंग किती तिरके किरण देऊ शकतं याचं माप, १.३ किंवा जास्त असतं. दुसरं, ६०× चं वॉटर इमर्शन, तेलाऐवजी पाण्याचा थेंब, एनए १.२. आकडे वाचून बहुतेक जण तेलाचं उचलतात, शिवाय ते स्वस्तही पडतं. माझ्या मते आकड्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: तुमचा मणी कव्हरस्लिपपासून, म्हणजे नमुन्याखालच्या पातळ काचेपासून, किती उंचीवर धरायचा आहे? चार-पाच मायक्रोमीटरच्या आत काम असेल तर तेल घ्या. पंधरा-वीसच्या पुढे असेल तर पाणी घ्या, आणि त्यात काटकसर करू नका.

हे पटायला मणी मुळात अडकतो कसा ते पाहावं लागतं. पॉलिस्टायरीनच्या एका मायक्रोमीटरच्या मण्याचा अपवर्तनांक १.५७ च्या आसपास, भोवतीच्या पाण्याचा १.३३. मण्यातून जाताना किरण वाकतो, त्याच्या संवेगाची दिशा बदलते, आणि तेवढाच उलटा संवेग मण्याला मिळतो. मणी झोताच्या मधोमध नसून बाजूला सरकला असेल, तर उजळ बाजूचे किरण अंधाऱ्या बाजूच्या किरणांवर मात करतात आणि मण्याला उजेडाकडे ओढतात. हेच ग्रेडियंट बल. आडव्या दिशेत ते सहज मिळतं, साध्या भिंगानेही.

अडचण झोताच्या दिशेत आहे. मण्यावरून परावर्तित होणारा आणि विखुरणारा प्रकाश त्याला सतत पुढे ढकलत असतो. या ढकलण्यावर मात करायला मागे ओढणारं काहीतरी हवं, आणि ते फक्त खूप तिरके येणारे कडेचे किरण देऊ शकतात. समजा मणी फोकसच्या जरा पुढे गेला आहे. फोकस ओलांडून फाकत जाणारे तिरके किरण त्यात शिरतात आणि मणी स्वतःच बहिर्वक्र भिंगासारखा वागून त्यांना सरळ करतो. सरळ झाल्यामुळे प्रकाशाचा पुढच्या दिशेतला संवेग वाढतो, म्हणून मण्याला मागे झटका बसतो, फोकसकडे. मधले किरण आधीच सरळ असतात, ते मागे ओढू शकत नाहीत, फक्त ढकलतात. १९७० साली बेल लॅब्जमध्ये आर्थर अ‍ॅश्किन यांनी सौम्य फोकस केलेल्या झोताने प्रयोग केले तेव्हा मणी झोताच्या मध्याकडे ओढला जायचा आणि तसाच पुढे वाहत जायचा. त्याला थांबवायला समोरून दुसरा झोत लावावा लागला. १९८६ मध्ये त्यांनी झिएझिक, ब्यॉर्कहोम आणि स्टीव्हन चू यांच्यासोबत एकाच, पण अतिशय घट्ट फोकस केलेल्या झोतात १० मायक्रोमीटरपासून सुमारे २५ नॅनोमीटरपर्यंतचे कण धरून दाखवले. म्हणून भिंग निवडताना खरा प्रश्न एवढाच असतो की कडेचे तिरके किरण शाबूत स्थितीत मण्यापर्यंत पोचतात का.

आता आकडे. एनए १.२ च्या पाण्याच्या भिंगातून सगळ्यात तिरका किरण पाण्यात ६४ अंशांवर येतो. तेलाच्या १.३ मधून तोच ७८ अंशांवर. हा फरक खरा आहे, आणि काचेजवळ तेलाचा ट्रॅप उभ्या दिशेत जास्त घट्ट धरतो तो यामुळेच. पण १.४ किंवा १.४९ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. पाण्याचा अपवर्तनांकच १.३३ आहे, त्यामुळे १.३३ च्या वरच्या एनएचे किरण काच आणि पाण्याच्या सीमेवर पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन परत फिरतात. ट्रॅपला त्यांचा काही उपयोग नाही. काचेलगतचा पातळ थर पाहणाऱ्या टर्फ सूक्ष्मदर्शनासाठी ते भिंग हवं असेल तर जरूर घ्या, पण चिमट्यासाठी म्हणून जादा पैसे मोजू नका.

तेलाच्या भिंगाचं खरं दुखणं उंचीबरोबर सुरू होतं. तेल आणि काच, दोन्हींचा अपवर्तनांक १.५२ च्या जवळपास. तिथून १.३३ च्या पाण्यात शिरताना प्रत्येक किरण बाहेरच्या बाजूला वाकतो, आणि जितका तिरका तितका जास्त. त्यामुळे सगळे किरण एका बिंदूत भेटतच नाहीत. फोकसच्या स्क्रूने तुम्ही २० मायक्रोमीटर वर गेलात असं धरा. मधले किरण साधारण १७.५ मायक्रोमीटरवर भेटतील, आणि एनए १.२ वाले तिरके किरण १२.४ वरच. म्हणजे फोकस पाच मायक्रोमीटर लांब फिसकटला, तुमच्या मण्याच्या पाच पट. हा गोलीय विपथनाचा परिणाम आहे, लेझरची शक्ती वाढवून तो भरून निघत नाही, कारण शक्ती वाढली की ढकलणंही वाढतं. हेच गणित ४ मायक्रोमीटरवर केलं तर ३.५ आणि २.५ येतं, फरक एका मण्याएवढा. तेवढ्यात ट्रॅप तग धरतो. किरणांचं हे चित्र ढोबळ आहे, पण दिशा बरोबर सांगतं. आणि स्क्रूवर वाचलेली उंची ही मण्याची खरी उंची नसते, हेही त्यातून लक्षात यावं.

प्रत्यक्षात हे कसं ओळखायचं? आडवी पकड शाबूत दिसते आणि मणी हळूहळू धूसर होत वर सरकतो, भोवती कडी दिसू लागतात, मग एखाद्या क्षणी तो निसटतो. उलट्या सूक्ष्मदर्शकात लेझर खालून येतो, त्यामुळे मणी सुटतो तो वरच. अशा वेळी बरेच जण लेझरवर संशय घेतात. आधी खाली या, काचेपासून ३ मायक्रोमीटरवर पकड परत येते का बघा. आली तर दोष उंचीचा आहे.

आकड्यात मोजायचं असेल तर पकडीचा स्टिफनेस, म्हणजे मणी एक नॅनोमीटर सरकवायला लागणारं बल, वेगवेगळ्या उंचीवर काढावा. समजा २५ अंश सेल्सिअसला मण्याची थरथर ट्रॅपमध्ये १० नॅनोमीटर आहे (प्रमाण विचलन). औष्णिक ऊर्जा ४.११ पिकोन्यूटन-नॅनोमीटर, तिला १० च्या वर्गाने, म्हणजे १०० ने, भागलं की स्टिफनेस ०.०४१ पिकोन्यूटन प्रति नॅनोमीटर. पाण्याच्या घर्षणावरून पाहिलं तर अशा मण्याची कॉर्नर फ्रिक्वेन्सी सुमारे ७८० हर्ट्झ येते, म्हणजे मणी एका बाजूने मध्यावर परत यायला ०.२ मिलिसेकंद घेतो. इथे एक मोठी फसगत होते. थरथर साध्या कॅमेऱ्याने, १० मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरने मोजली तर एका फ्रेममध्येच मण्याच्या अशा कितीतरी हालचाली मिसळून जातात. १० ऐवजी २ नॅनोमीटर दिसतात, आणि स्टिफनेस खऱ्याच्या सुमारे पंचवीस पट निघतो. फोटोडायोड वापरा, किंवा एक्स्पोजर ०.२ मिलिसेकंदांच्या बरंच खाली आणा.

काचेजवळ काम करण्याचीही किंमत असते आणि ती तेलवाल्यांना जास्त मोजावी लागते. भिंतीजवळ पाण्याचं घर्षण वाढतं. एक मायक्रोमीटर व्यासाच्या मण्याचा मध्य काचेपासून ३ मायक्रोमीटरवर असेल तर वाढ १० टक्क्यांची, पण १ मायक्रोमीटरवर असेल तर जवळजवळ ३९ टक्क्यांची. कॉर्नर फ्रिक्वेन्सीवरून स्टिफनेस काढताना ही दुरुस्ती राहिली तर उत्तर पाव हिश्श्याहून जास्त कमी येतं. पाण्याचं भिंग घेऊन ३० मायक्रोमीटरवर काम केलं तर ही वाढ एक टक्क्याच्याही खाली जाते.

पाण्याच्या भिंगाची कटकट वेगळी. काचेची जाडी आणि भिंगाची दुरुस्ती यांचा मेळ नसेल तर त्यालाही गोलीय विपथन होतं, म्हणून त्यावर करेक्शन कॉलर असते. ०.१७ मिलिमीटरची कव्हरस्लिप वापरत असलात तरी प्रत्येक नव्या काचेवर कॉलर थोडी फिरवून मण्याची थरथर सगळ्यात कमी कुठे होते ते पाहावं लागतं. नुसती चित्राची स्पष्टता पाहून कॉलर लावू नका, ट्रॅपचा अवरक्त लेझर आणि दिव्याचा उजेड एकाच जागी फोकस होतात असं नाही. दुसरं म्हणजे पाणी वाळतं. तास-दोन तासांच्या प्रयोगात भिंगावरचा थेंब आटला की पकड अचानक ढिली पडते. तेल दिवसभर तसंच राहतं.

खरेदीच्या यादीतून नेहमी सुटणारी गोष्ट म्हणजे बीम एक्स्पान्डर. भिंगाचं मागचं तोंड लेझरने पूर्ण भरलं नाही तर कडेचे किरणच नसतात, मग एनए कागदावरच उरतो. २०० मिलिमीटरच्या ट्यूब लेन्सवर १००×/१.३ चं तोंड ५.२ मिलिमीटर असतं आणि ६०×/१.२ चं ८ मिलिमीटर. तेलासाठी जुळवलेला एक्स्पान्डर तसाच ठेवून पाण्याचं भिंग चढवलं तर ट्रॅप उभ्या दिशेत लंगडा पडतो आणि दोष भिंगाला दिला जातो. तसंच ट्रॅपच्या अवरक्त लेझरच्या १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीला भिंगातून किती प्रकाश पार होतो ते विक्रेत्याला विचारा, दृश्य प्रकाशासाठी बनवलेल्या काही भिंगांत निम्माच उरतो.

तर कोणी काय घ्यावं. कायनेसिन हे मोटर प्रथिन पेशीतल्या सूक्ष्मनलिकेवर ८ नॅनोमीटरच्या पावलांनी चालताना पाहायचं असेल तर सूक्ष्मनलिका काचेलाच चिकटलेली असते. इथे तेल निर्विवाद बरं, पाच-सहा पिकोन्यूटनला थांबणारी मोटर रोखून धरायला उभी पकड घट्ट लागते. डीएनएचा रेणू दोन मण्यांमध्ये ताणायचा, किंवा वाहत्या पाण्याच्या चेंबरच्या मधोमध काम करायचं, तर पाणीच. काचेच्या भिंतीपासून दूर जाणं हाच त्या मांडणीचा हेतू असतो.

जिवंत पेशीचा मामला मधला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने उंदराच्या पेशींनी गिळलेले मणी ट्रॅपमध्ये धरून डायनीन मोटरींचं एकत्रित बळ मोजलं, ते काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. काचेवर पसरलेली पेशी बहुतेक ठिकाणी काही मायक्रोमीटरच उंच असते, म्हणून अशा कामाला तेलही चालतं. पेशींचा गोळा किंवा ऊतक असेल तर नाही.

तेलाचं भिंग आधीच कपाटात असेल आणि गरज १०-१२ मायक्रोमीटरची असेल, तर नव्या भिंगाआधी नेहमीच्या १.५२ ऐवजी १.५४ ते १.५६ अपवर्तनांकाचं इमर्शन तेल मागवा. जास्त अपवर्तनांकाचं तेल उलट्या दिशेचं विपथन घालतं आणि पकड सगळ्यात घट्ट असण्याची उंची काचेपासून वर सरकते. कोणत्या तेलाला कोणती उंची हे प्रत्येक भिंगाचं वेगळं असतं, म्हणून दोन-तीन तेलं आणून दर दोन मायक्रोमीटरला थरथर मोजा. तेलाची एक बाटली नव्या भिंगाच्या मानाने अगदी किरकोळ खर्च आहे. त्यातूनही हव्या उंचीवर मणी टिकला नाही, तर मग पाण्याच्या भिंगाचं कोटेशन मागवा.