आधी परतावा, मग पाठवणी, मग पेमेंट गेटवे: अथणीच्या चप्पल दुकानासाठी तुलनात्मक आढावा

स्वतःचे ऑनलाइन दुकान काढणारे बहुतेक जण प्रथम पेमेंट गेटवे निवडतात, त्यानंतर पाठवणीचे दर भरतात आणि परताव्याचे पान शेवटी कुठून तरी उतरवून घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. परताव्याचा नियम ठरल्याशिवाय पाठवणीचा खरा खर्च कळत नाही, आणि तो खर्च कळल्याशिवाय कोणती पैसे घेण्याची पद्धत परवडेल हे सांगता येत नाही. शिवाय परतावा, पाठवणी आणि संपर्क यांची पाने संकेतस्थळावर नसतील, तर गेटवे कंपनी खाते सुरू करताना अडवते. व्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर विक्रीच्या अटी आणि परताव्याची मुदत स्पष्ट असावी, अशी अपेक्षा रिझर्व्ह बँकेने पेमेंट ॲग्रीगेटर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्या, यांच्याविषयीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतच नोंदवली होती.

उदाहरण म्हणून कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचे कोल्हापुरी चपलांचे छोटे दुकान घेऊ. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. म्हणजे माल दोन राज्यांचा आणि गिऱ्हाईकही दोन राज्यांचे. आपले दुकान वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसच्या संकेतस्थळावर दुकान चालवणाऱ्या प्रणालीवर आहे, जोडाची किंमत १५०० रुपये आहे आणि पहिल्या पाठवणीचा व गेटवेचा खर्च वजा जाता एका जोडामागे ४०० रुपये सुटतात, असे धरू. पुढचे कुरियरचे दरही हिशेबापुरते धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

परतावा: तीन धोरणे

पहिले धोरण म्हणजे "विकलेला माल परत घेतला जाणार नाही". पेठेतल्या दुकानातली ही पाटी ऑनलाइन विक्रीत टिकत नाही. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. पावतीवर मुदत लिहिलेली असेल तर ती मुदत आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवस, असे कायदा सांगतो. ई-कॉमर्सविषयीचे २०२० चे नियमही सदोष, उशिरा पोहोचलेला किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल नाकारू देत नाहीत. म्हणून मुदत स्वतः लिहिणे दुकानदाराच्याच हिताचे आहे. मुदत न लिहिणारा दुकानदार नकळत ३० दिवस पत्करतो.

दुसरे धोरण म्हणजे कोणत्याही कारणासाठी सात दिवसांत पूर्ण पैसे परत. मोठ्या संकेतस्थळांमुळे गिऱ्हाइकाला याची सवय झाली आहे. आपल्या दुकानाला त्याची किंमत किती पडते ते पाहू. गेटवेचे शुल्क २ टक्के धरले तर १५०० रुपयांवर ३० रुपये होतात आणि त्या शुल्कावरील १८ टक्के जीएसटी धरून ३५.४० रुपये, पैसे परत केले तरी हे शुल्क साधारणतः परत मिळत नाही. जातानाचे कुरियर ९० आणि घरून माल उचलून परत आणण्याचे ११० रुपये धरल्यास एका परताव्यात २३५.४० रुपये जातात. चप्पल परत येते, पण ती नवीसारखी असली तरच पुन्हा विकता येते.

तिसरे धोरण मापासाठी फक्त बदली आणि दोषासाठी पूर्ण परतावा देते. बदलीमध्ये माल परत आणण्याचे ११० आणि दुसरा जोड पाठवण्याचे ९० असे २०० रुपये वाढतात, तरी विक्री टिकते आणि ४०० पैकी २०० रुपये हाती राहतात. त्याच गिऱ्हाइकाला पैसे परत केले असते तर २३५.४० रुपयांची खोट बसली असती. मी या दुकानासाठी निःशंकपणे तिसरे धोरण निवडेन, कारण हाताने शिवलेल्या चपलेत परताव्याचे मुख्य कारण माप हेच असते. एकाच नंबरचे दोन कारागिरांचे जोड तंतोतंत सारखे नसतात, आणि कातडे काही दिवसांच्या वापराने सैल पडते हे नव्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसते.

तेव्हा पानावर अटी लिहिताना त्या पाहून तपासता येतील अशा असाव्यात. "चप्पल वापरलेली नसावी" यावरून वाद होतो. "तळ स्वच्छ असावा, त्यावर माती, ओरखडा किंवा पाण्याचा डाग नसावा, जोड मिळाल्यापासून सात दिवसांत कळवावे आणि तळाचे छायाचित्र पाठवावे" यावरून होत नाही. मालाच्या पानावर नंबराशेजारी पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्यावी आणि कागदावर पाऊल ठेवून टाच ते अंगठा मोजण्याची रीत सांगावी. तक्रार कोणाकडे करायची ते नाव आणि संपर्कही तेथेच असावा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावे, असा नियम आहे. पान मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत ठेवणार असाल तर दिवसांचे आकडे तिन्हींत एकच आहेत ना, हे दर बदलानंतर पडताळावे.

पाठवणी: राज्यावरून की पिनकोडवरून

सीमाभागातल्या दुकानाची खरी अडचण येथे आहे. वूकॉमर्समध्ये राज्यानुसार विभाग पाडणे सोपे असते: कर्नाटक एका दरात, बाकीचा भारत दुसऱ्या दरात. परंतु अथणीहून मिरज पन्नास-साठ किलोमीटरांवर आहे आणि बेंगळुरू पाचशे किलोमीटरांहून लांब. राज्याचा नियम लावला तर शेजारच्या मिरजकराला परप्रांतीय दर लागतो, आणि तो खरेदी अर्धवट सोडतो.

यावर पिनकोडचा विभाग हा उपाय आहे. `Shipping zones` मध्ये भारत निवडून `Limit to specific ZIP/postcodes` या चौकटीत पुढील ओळी भराव्यात:

```
590*
591*
416*
```

पहिल्या दोन ओळींत बेळगाव जिल्हा येतो, तर तिसरीत कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्गाचा मोठा भाग. हा विभाग यादीत सर्वांत वर ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण वूकॉमर्स वरून खाली पाहत जाते आणि जो विभाग प्रथम जुळतो तोच लावते. "भारत" वर राहिला तर आपला जवळचा विभाग कधीच लागू होणार नाही, आणि चूक दाखवणारा कोणताही संदेश येणार नाही.

मात्र गिऱ्हाइकाला लावलेला दर आणि कुरियर आपल्याला लावेल तो दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही सेवा राज्याच्या हद्दीवरून टप्पे ठरवतात, काही अंतरावरून; टपाल खात्याचे स्पीड पोस्ट अंतराचे टप्पे मानते, त्यामुळे मिरज त्याच्या हिशेबात जवळच राहते. म्हणून कोणाशीही करार करण्यापूर्वी अथणीच्या ५९१३०४ वरून मिरजेचा ४१६४१०, पुण्याचा ४११००१ आणि बेंगळुरूचा ५६०००१ या तीन पिनकोडांचे दर शेजारी शेजारी मांडून पाहावेत. मिरजेचा दर बेंगळुरूपेक्षा जास्त निघाला, तर जवळच्या मालासाठी टपाल आणि लांबच्यासाठी कुरियर अशी विभागणी करावी.

खोक्याच्या मापाकडेही लक्ष द्यावे. कुरियर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतले जे जास्त असेल ते धरते; लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ५००० ने भागण्याची पद्धत सर्रास आहे. जोड ९०० ग्रॅमचा असला तरी ३३ × २१ × १२ च्या बुटाच्या खोक्यात त्याचे वजन १.६६ किलो ठरते आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांमुळे २ किलोचे पैसे लागतात. तळाला तळ लावून तोच जोड ३० × १३ × १० च्या खोक्यात बसवला, तर आकारमानाचे वजन ०.७८ किलो होते आणि आकारणी १ किलोवर थांबते. प्रत्येक खोक्याचे मोजपट्टीसह छायाचित्र ठेवावे, कारण वजनाच्या फरकाची कपात नंतर होते आणि आक्षेपाला पुरावा लागतो.

कराची बाब थोडक्यात सांगतो. मिरज कितीही जवळ असली तरी तेथील विक्री आंतरराज्य विक्री ठरते आणि जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत असणाऱ्याला मालाची आंतरराज्य विक्री करता येत नाही. दुकान उघडण्याआधी सल्लागाराशी बोलावे.

पैसे: क्यूआर, घरपोच रोख की गेटवे

आपल्या यूपीआय खात्याचा क्यूआर दाखवणे फुकट आहे. आठवड्याला मोजक्या आणि बहुतांशी ओळखीच्या मागण्या येत असतील, तर मी गेटवेचा आग्रह धरणार नाही. पण क्यूआरमध्ये पैसे आले की नाही हे माणसाने पाहायचे असते. ते गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून न ठरवता स्वतःच्या बँक खात्यातली जमा आणि व्यवहार क्रमांक जुळवूनच ठरवावे, कारण खोटा स्क्रीनशॉट बनवणे फार सोपे आहे.

घरपोच रोखीत गिऱ्हाइकाचा विश्वास लवकर बसतो, पण दारातून परतणाऱ्या मालाचा भार दुकानावर पडतो. दहा मागण्यांपैकी दोन नाकारल्या गेल्या आणि प्रत्येकीचा जाण्यायेण्याचा खर्च १७० रुपये धरला, तर ३४० रुपये उरलेल्या आठ जोडांवर पडतात, म्हणजे जोडामागे ४२.५०. त्यात रोख वसुलीचे ४० रुपये मिळवले की ८२.५० होतात, तर गेटवेचा खर्च ३५.४० आहे. फरक ४७.१० रुपयांचा असल्याने आगाऊ पैसे देणाऱ्याला ४० रुपयांची सूट देणे परवडते. रोख ठेवायचीच असेल तर ती वरच्या पिनकोड विभागापुरती ठेवावी. रोखीच्या मागणीत पैसे परत करण्यासाठी मूळ खाते नसते. म्हणून गिऱ्हाइकाकडून यूपीआय किंवा बँक तपशील कसा आणि किती दिवसांत घेतला जाईल, हे परताव्याच्या पानावर लिहावे लागते.

गेटवे निवडताना दरातल्या किरकोळ फरकापेक्षा त्याची जोडणी नीट झाली आहे का, हे मी आधी पाहीन. गिऱ्हाईक यूपीआयवर पैसे देते आणि दुकानाच्या पानावर परतण्याआधीच फोन बंद करते. अशा वेळी वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचे गेटवेने दुकानाच्या संकेतस्थळाला परस्पर कळवण्याची सोय, बसवलेला नसेल तर मागणी `Pending payment` मध्येच अडकू शकते. वूकॉमर्सचा मूळ नियम असा आहे की साठा ६० मिनिटे राखून ठेवायचा आणि मग न भरलेली मागणी रद्द करायची. म्हणजे पैसे जमा, मागणी रद्द, आणि तो एकुलता एक जोड दुसऱ्याला विकलेला. रेझरपेसारख्या गेटवेत `payment.captured` आणि `order.paid` या घटनांचा वेबहुक जोडावा, आणि पैसे आपोआप कॅप्चर, म्हणजे दुकानाच्या नावे पक्के, होतील अशी मांडणी ठेवावी. कॅप्चर न झालेली रक्कम काही दिवसांनी गिऱ्हाइकाला परत जाते आणि दुकानदाराला वाटते की विक्री झाली.

तपासणी चाचणीच्या कळीवर, म्हणजे `rzp_test_` ने सुरू होणाऱ्या कळीवर करावी. मागणी नोंदवावी, पैसे भरल्याबरोबर ब्राउझरची खिडकी बंद करावी आणि काही मिनिटांत मागणी आपोआप `Processing` मध्ये गेली का ते पाहावे. त्यानंतर `rzp_live_` ची कळ भरून मिरजेच्या पिनकोडवर एक खरी लहान मागणी नोंदवावी, पाठवणीचा दर जवळच्या विभागाचा लागला का ते पाहावे आणि ती रक्कम गेटवेतूनच परत करून पैसे खात्यात किती दिवसांत येतात ते मोजावे. परताव्याच्या पानावर त्या दिवसांहून कमी मुदत लिहू नये.