फोटो २० केबीत बसवायचा: ‘कॉम्प्रेस’ साइट, पेंट की स्क्वूश?

भाचीला उत्पन्नाचा दाखला हवा होता. ‘आपले सरकार’वर नोंदणी करताना फोटोची अट अशी होती: जेपीईजी, रुंदी १६० पिक्सेल, उंची २०० ते २१२ पिक्सेल, आकार ५ ते २० केबी. तिच्या फोनमधला फोटो ३००० बाय ४००० पिक्सेलचा, साडेतीन एमबीचा. तिने ‘२० केबी फोटो’ असं शोधून जी पहिली साइट आली तिथे तो टाकला. १९ केबीची फाइल मिळाली, पण पोर्टलने ती घेतली नाही. शिवाय चेहरा असा दिसत होता की जणू फरशीच्या तुकड्यांनी जोडलाय.

फाइलचे गुणधर्म उघडून पाहिले तर पिक्सेल ९०० बाय १२००! साइटला फक्त केबीचा आकडा दिलेला, म्हणून तिने पिक्सेल थोडेसेच कमी केले आणि उरलेली कसर फोटोचा दर्जा पाडून भरून काढली. पोर्टलची तक्रार मात्र रुंदीबद्दल होती.

खरं तर १६० बाय २१२ म्हणजे जेमतेम ३४ हजार पिक्सेल. एवढं चित्र चांगल्या दर्जात साठवलं तरी साधारणपणे १०-१५ केबीत बसतं. म्हणजे आधी पिक्सेल नीट केले की केबीची अट बहुतेक वेळा आपोआप पूर्ण होते. तीनही मार्ग मी याच कसोटीवर पाहतो.

‘कॉम्प्रेस’ साइट सगळ्यात झटपट, आणि फोनवरही चालते. वापरायचीच असेल तर रुंदी-उंची टाकायची सोय असलेली निवडा. पण फोटो परक्या सर्व्हरवर जातो. फोटोपुरतं एकवेळ ठीक, आधार किंवा रेशनकार्ड मी तिथे टाकणार नाही.

विंडोजचा पेंट घरचाच. `Resize` मध्ये `Pixels` निवडून आकडे टाकायचे आणि जेपीईजी म्हणून सेव्ह करायचं. दर्जा ठरवण्याची सोय तिथे नाही, पण एवढ्या लहान चित्राला ती सहसा लागतही नाही. चूक होते ती प्रमाणाचं कुलूप काढून मनाला येईल ते आकडे टाकल्याने. चौरस फोटो १६० बाय २१२ मध्ये कोंबला की माणूस एकदम लंबुळका होतो.

इथे एक सोय हाताशी आहे. फोनचा फोटो बहुधा ३:४ प्रमाणात असतो, आणि १६० बाय २१२ जवळपास तेच प्रमाण. त्यामुळे उंची २०० न घेता २१२ घ्या. गॅलरीत ३:४ ठेवूनच चेहऱ्याभोवती क्रॉप करा, मग कुलूप काढून १६० आणि २१२ टाकले तरी चेहरा ताणला जात नाही.

माझं मत स्क्वूशला, म्हणजे `squoosh.app`. ब्राउझरमध्ये उघडते, पण काम तुमच्याच यंत्रावर होतं, फोटो बाहेर जात नाही. `Resize` चालू करा, `Maintain aspect ratio` ची खूण काढून १६० आणि २१२ टाका, `MozJPEG` निवडा आणि `Quality` सरकवत राहा. केबीचा आकडा समोरच बदलताना दिसतो. भाचीचा फोटो ८५ वर ११ केबीला थांबला आणि पोर्टलने लगेच घेतला.

रोज वीस-तीस अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकाला मात्र सरकपट्टी परवडणार नाही. त्याच्यासाठी इमेजमॅजिक, म्हणजे कमांड लिहून चालवायचा प्रोग्राम. फोटो आधी ३:४ मध्ये कापलेला हवा.

```
magick photo.jpg -auto-orient -resize 160x212! -strip -define jpeg:extent=19kb out.jpg
```

यातलं `-auto-orient` गाळू नका. फोनचा फोटो उभा दिसतो तो फाइलमधल्या एका खुणेमुळे. `-strip` ती खूण पुसतं आणि फोटो आडवा पडतो.

आयफोनवाल्यांनी `.heic` चं नाव बदलून `.jpg` करू नये. आतली फाइल तीच राहते, पोर्टल ती नाकारू शकतं. ती उघडू शकणाऱ्या अ‍ॅपमधून जेपीईजी म्हणून नव्याने सेव्ह करावी लागते.

स्कॅन केलेल्या कागदाचं गणित उलटं. याच पोर्टलवर कागदपत्रांना ७५ ते ५०० केबी चालतात, आणि लोक अडकतात ते खालच्या हद्दीवर. सातबारा ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन करायचा, मग ‘जास्तीत जास्त कॉम्प्रेस’ दाबायचं. पान ७२ डीपीआयवर येतं, गट क्रमांकाचे आकडे एकमेकांत मिसळतात, आणि फाइल कधी ७५ च्याही खाली जाते. त्यापेक्षा मुळातच १५० डीपीआय, करड्या छटेत स्कॅन करा. ए-४ पान बहुतेक वेळा हद्दीत बसतं. मोठी पीडीएफ आधीच हातात असेल तर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामचं `/ebook` सेटिंग वापरा, ते १५० डीपीआयला आणतं. `/screen` म्हणजे ७२, ते टाळा. अपलोड करण्याआधी पान १०० टक्क्यांवर उघडून शिक्क्याच्या आतली अक्षरं वाचता येतात का, एवढं पाहा.

आणि भाचीची ती ११ केबीची फाइल जपून ठेवली तरी बँकेच्या परीक्षेला चालणार नाही. आयबीपीएसला फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी लागतो, त्यामुळे मूळ साडेतीन एमबीचा फोटो डिलीट करू नका.