टाळी, वेव्हफॉर्म की टाइमकोड? दोन तासांची मैफल जुळवताना

तीन कॅमेरे, वेगळा ऑडिओ रेकॉर्डर आणि मध्ये न थांबणारी दोन तासांची मैफल असं काम धरू. एडिटमध्ये सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र रेकॉर्डरच्या आवाजाशी जुळवायचं आहे. शूटिंग 25 फ्रेमवर, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची.

वेव्हफॉर्मने, म्हणजे आवाजाच्या आलेखावरून जुळवणं सगळ्यांत कमी कष्टाचं. प्रीमियरमध्ये टाइमलाइनवरच्या क्लिप निवडायच्या, `Synchronize` मध्ये `Audio` घ्यायचं, झालं. फक्त प्रत्येक कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालू हवा. पण इथे एक चूक सहज नजरेआड होते. सॉफ्टवेअर आवाजाला आवाज जुळवतं, चित्राला नाही. सभागृहात मागे, 20 मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्यापर्यंत आवाज साधारण 58 मिलिसेकंद उशिरा पोचतो. तो उशीर भरून काढायला सॉफ्टवेअर ती क्लिप टाइमलाइनवर मागे, म्हणजे आधीच्या वेळेकडे ओढतं, आणि गायकाचे ओठ आवाजाच्या दीड फ्रेम आधी हलू लागतात.

ही चूक टाळीने पकडता येते. रेकॉर्डरच्या माइकजवळ, तिन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवा. एडिटमध्ये हात एकमेकांना टेकतात ती फ्रेम शोधा आणि ती रेकॉर्डरच्या वेव्हफॉर्ममधल्या टाळीच्या उंच टोकावर ठेवा. मागच्या कॅमेऱ्याचा आवाज विचारात घेऊ नका. मात्र कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला की नवी टाळी हवी.

टाइमकोडची खरी किंमत तिथेच कळते: कॅमेरे वारंवार बंद-चालू होणार असतील, लांब लांब असतील किंवा आवाजच नसेल, तर सगळ्या यंत्रांच्या फाइलींवर एकच वेळ नोंदवणाऱ्या टाइमकोड बॉक्सवर पैसे घाला. पण टाइमकोड क्लिप कुठे सुरू होते तेवढंच सांगतो. कॅमेरा आणि रेकॉर्डर आपापल्या आतल्या घड्याळाच्या क्रिस्टलच्या वेगाने चालत राहतात, त्यामुळे सुरुवात अचूक जुळूनही शेवट सरकतो.

म्हणून मैफल संपल्यावर, रेकॉर्डिंग चालू असतानाच दुसरी टाळी घ्या. समजा सुरुवात जुळली, पण शेवटच्या टाळीचं चित्र आवाजापेक्षा 4 फ्रेम उशिरा आलं. दोन तासांत 160 मिलिसेकंद, म्हणजे दहा लाखांत सुमारे 22 भागांचा फरक. टक्केवारीत तो जेमतेम 0.002, त्यामुळे वेगाच्या रकान्यात दोनच दशांश स्थळं असतील तर भरताच येत नाही. त्यापेक्षा आवाज अखंड ठेवा. त्या कॅमेऱ्याची क्लिप साधारण दर अर्ध्या तासाने, ती पडद्यावर नसताना कापा, एक फ्रेम काढा आणि फक्त तिचाच पुढचा भाग मागे सरकवा.

फरक कसा वाढतो तेही पाहा. हळूहळू वाढला तर ड्रिफ्ट. एका जागी अचानक उडी आली तर कॅमेऱ्याने फाइल तोडली तो सांधा तपासा. तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास गेला तर क्रिस्टलला दोष देऊ नका. कुठेतरी 24 आणि 23.976 फ्रेमची गल्लत आहे.

अशा मैफलीला टाइमकोड बॉक्स भाड्याने आणायची गरज नाही. वेव्हफॉर्मने ढोबळ जुळवा आणि दोन्ही टोकांच्या टाळ्यांवर पक्कं करा.