आठ महिने एफटीआयआर वापरून: १७४० चं पीक दिसलं की लगेच ईव्हीए म्हणू नका

कुपवाड एमआयडीसीत आमचं भंगार प्लॅस्टिकपासून दाणा करायचं छोटं युनिट आहे. ‘चोख एलडी’, म्हणजे कमी घनतेचं पॉलिथिन, म्हणून आलेल्या मालात काय निघेल याचा नेम नसतो, म्हणून जूनमध्ये इन्फ्रारेड किरणांनी प्लॅस्टिक ओळखणारं एफटीआयआर यंत्र सेकंडहँड घेतलं, नमुना टेकवायला त्यात हिऱ्याच्या क्रिस्टलचं एटीआर आहे. तुकडा हिऱ्यावर ठेवायचा, वरचा स्क्रू आवळायचा, अर्ध्या मिनिटात आलेख समोर.

पॉलिथिनचा आलेख साधा असतो. २९१५ आणि २८४८ या तरंगसंख्यांना दोन उंच पीक, १४६५ ला एक, ७२० ला एक. बाकी जवळजवळ सपाट. त्यामुळे पाहुणा आला की लगेच कळतं.

ऑगस्टमध्ये द्राक्षबागेवरच्या पारदर्शक प्लॅस्टिक कागदाचा लॉट आला. ऑपरेटर म्हणाला, “दादा, ईव्हीए दाखवतंय.” यंत्रातल्या ओळखीच्या आलेखांच्या लायब्ररीनं पहिलं नाव तेच, म्हणजे एथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट या वेगळ्या प्लॅस्टिकचं, दिलं होतं, आणि १७४० च्या आसपास एस्टरच्या कार्बोनिलचं पीकही होतं. पण ईव्हीए असेल तर ॲसिटेटचं १२४० ला ठसठशीत पीक हवं, १०२० लाही हवं. तिथं काहीच नाही. उलट ११६० ला उंचवटा. ही तर खाद्यतेलाची खूण, तेलातही एस्टरच असतं.

“भडंग खाल्लंस काय रे?”

“थोडंसंच.”

एटीआरचा किरण तुकड्यात एक-दोन मायक्रॉनच शिरतो, म्हणजे बोटाचा तेलकट थरही मालाच्या नावावर जमा होतो. ब्लेडनं तुकडा कापून आतली ताजी बाजू लावली, १७४० गायब. निव्वळ पॉलिथिन. तेव्हापासून आधी आयपीए या अल्कोहोलनं पुसतो आणि पूर्ण वाळू देतो. ओलं राहिलं तर ३३०० जवळ ओएचचा रुंद फुगवटा येतो आणि नवाच घोळ.

पुढच्या लॉटमध्ये मात्र १७३८, १२४० आणि १०२० तिन्ही होते, कापल्यावरही राहिले. तो खराच ईव्हीए. एलडीत मिसळून जास्त तापवला असता तर बॅरलमधून व्हिनेगरसारखा वास सुटला असता. उन्हात जुना झालेला कागद तिसराच प्रकार. त्यात १७१५ च्या आसपास पसरट पीक येतं, १२४० ची जोडी नसते.

तक्रारी आहेतच. पावसाळ्यात हवेतल्या बाष्पाच्या सुयांसारख्या रेषा १४०० ते १८०० मध्ये उठतात, नेमक्या कार्बोनिलच्या जागी. रिकाम्या हिऱ्याचा बॅकग्राउंड वारंवार घ्यावा लागतो, आणि आतली सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली की ती बदलावीच लागते. काळ्या ठिबक नळीवर हा हिरा रडतो. कार्बनमुळे बेसलाइन तिरकी होते, पीक वेडेवाकडे. तिथं जर्मेनियमचं क्रिस्टल लागतं, ते आम्ही अजून घेतलेलं नाही.

एलडी की जास्त घनतेचं एचडी, हे मात्र याच्या भरवशावर ठरवत नाही. दोघांचे आलेख सख्ख्या भावांसारखे. १३७७ च्या बारक्या पीकवरून अंदाज बांधता येतो, पण पैसे त्यावर देत नाही. त्यासाठी नमुना वितळण्याचं तापमान मोजणाऱ्या डीएससी चाचणीला पाठवतो. वितळण्याचा आकडा ११० अंश सेल्सिअसच्या आसपास आला तर एलडी, १३० च्या आसपास आला तर एचडी.